एक प्यादे जास्त, तरी बरोबरी: हत्तीच्या शेवटातला फिलिडोरचा बचाव

डाव संपत आला आहे. पटावर पाचच सोंगट्या उरल्या आहेत: दोन राजे, दोन हत्ती आणि समोरच्याचे एक प्यादे. प्यादे तुमच्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. नवशिका खेळाडू इथे मान टाकतो आणि मनातल्या मनात हरून मोकळा होतो. पण तुमचा राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा असेल, तर ही स्थिती बहुतेक वेळा बरोबरीचीच असते, आणि ती राखायला फार हुशारी लागत नाही. दोन गोष्टी योग्य क्रमाने कराव्या लागतात, एवढेच.

हा क्रम फ्रान्सच्या फ्रान्स्वा-आंद्रे दानिकां फिलिडोरने (१७२६–१७९५) आपल्या पुस्तकाच्या १७७७ च्या आवृत्तीत मांडला. पोटापाण्यासाठी तो संगीतकार होता, ऑपेरा लिहायचा, आणि बुद्धिबळात त्या काळी त्याच्या तोडीचे फारच थोडे होते. त्याची ती स्थिती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. या लेखात आपण तीच उलगडून पाहू. शक्य असेल तर पट मांडूनच वाचा. नुसते डोळ्यांनी वाचून हत्तीचे शेवट कुणाच्या डोक्यात राहत नाहीत.

घरांची नावे पटाच्या कडेला छापलेली असतात तीच वापरली आहेत: a ते h उभ्या पट्ट्या आणि 1 ते 8 आडव्या ओळी. पांढऱ्याची प्यादी वर चढतात, म्हणजे आठव्या ओळीकडे जातात. चाली लिहिताना K म्हणजे राजा, R म्हणजे हत्ती, x म्हणजे खाणे, + म्हणजे शह आणि # म्हणजे मात. चालीपुढे ! असेल तर ती चांगली चाल, ? असेल तर चूक आणि ?? असेल तर घोडचूक. नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल.

पट मांडा

पांढऱ्याचा राजा d5 वर, हत्ती h7 वर, प्यादे e5 वर. काळ्याचा राजा e8 वर आणि हत्ती a6 वर. चाल पांढऱ्याची. आपण काळे आहोत.

ऑनलाइन पट वापरत असाल तर ही ओळ तशीच उचलून तिथल्या FEN च्या चौकटीत टाका:

```
4k3/7R/r7/3KP3/8/8/8/8 w - - 0 1
```

चाली बघण्याआधी पांढऱ्याला नेमके काय हवे आहे ते समजून घेऊ. प्यादे एकट्याने आठव्या ओळीवर पोहोचत नाही, कारण समोर काळा राजा बसला आहे. त्याला हलवायचे तर मात करण्याची धमकी द्यावी लागते. हत्ती h8 वर जाऊन शह देऊ शकतो, पण आत्ता त्या शहाला काळा राजा आरामात e7 वर उतरतो. e7, d7, f7 ही सातव्या ओळीची घरे बंद व्हायला हवीत, आणि ते काम पांढऱ्या राजाला सहाव्या ओळीवर येऊनच करावे लागेल. म्हणजे पांढऱ्याचा सगळा डाव एका पावलावर अडला आहे: राजा d6, e6 किंवा f6 वर कसा पोहोचवायचा?

म्हणून आपला हत्ती a6 वर आहे. तिथून तो सहावी ओळ पूर्ण अडवतो. पांढरा राजा त्या ओळीत पायच ठेवू शकत नाही.

पहिली पायरी: सहाव्या ओळीवर थांबून राहणे

प्यादे e5 वर आहे तोवर आपले काम एकच: हत्ती सहाव्या ओळीवरून हलवायचा नाही. हलवायचाच तर त्याच ओळीत इकडून तिकडे. हे फार कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच चुकते. माणसाला वाटते, मी काहीतरी केले पाहिजे, शह दिला पाहिजे, प्याद्यावर हल्ला चढवला पाहिजे. काही करू नका. पांढऱ्याने काहीतरी करावे अशी वेळ त्याच्यावर आणा.

तरी डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण सहाव्या ओळीवरचे प्रत्येक घर सुरक्षित नसते. पांढरा राजा d5 वर असताना c6, d6, e6 ही घरे त्याच्या टप्प्यात आहेत. e5 चे प्यादे d6 आणि f6 वर मारा करते. उरली a6, b6, g6 आणि h6. यांपैकी ज्या पट्टीवर पांढरा हत्ती उभा आहे ती सोडायची. पांढरा हत्ती h7 वर असताना तुम्ही बेसावधपणे हत्ती h6 वर ठेवलात, तर तो फुकट जातो. अशी चूक सांगायला लाज वाटते, पण घड्याळात दहा सेकंद उरले की ती होते. पांढरा हत्ती h पट्टीवर आहे तोवर a6 आणि b6 यांच्यात ये-जा करत राहिलात तरी पुरे. तो b पट्टीवर आला, तर तुम्ही g6 वर जा.

पांढऱ्याने मधेच हत्तीने h8 वर शह दिला तर घाबरण्याचे कारण नाही. राजा e7 वर घ्या. तो h7 वर परत आला आणि पुन्हा शह दिला, तर e8 वर परत या. राजा e7 वर असताना पांढऱ्याने प्यादे e6 वर ढकलले तर आणखी बरे: त्यावर आपला राजा आणि हत्ती दोघांचाही मारा आहे, त्याच्याकडे राखायला एकटा राजा. हत्तीने प्यादे खाल्ले की पांढऱ्या राजाला ते परत खाता येत नाही, कारण मागे आपला राजा उभा आहे. प्यादे गेले की डाव बरोबरीत.

पांढऱ्याकडे आणखी एक युक्ती असते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे: हत्तींची मारामारी. समजा पांढऱ्याचा राजा अजून e4 वर आहे, हत्ती d1 वर आहे, आणि त्याने हत्ती थेट d6 वर आणला. प्यादे e5 त्याला राखते. आपला हत्ती a6 वरून त्याला खाऊ शकतो. खायचे का?

इथे खायला हरकत नाही. प्यादे हत्तीला खाऊन d6 वर येते आणि उरतो एक राजा आणि प्याद्याचा शेवट:

```
1. Rd6  Rxd6
2. exd6 Kd7
3. Kd5  Kd8!
4. Ke6  Ke8
5. d7+  Kd8
6. Kd6  स्टेलमेट
```

शेवटी काळ्या राजाला हलायला घर नाही आणि त्याला शहही नाही, म्हणून डाव बरोबरीत. सगळा जीव तिसऱ्या चालीत आहे. राजा सरळ मागे d8 वर जायला हवा. पांढरा e6 वर आला की आपण e8 वर, तो c6 वर आला की आपण c8 वर, म्हणजे दोन्ही राजे नेहमी समोरासमोर. तिसऱ्या चालीत राजा e8 वर गेला तर 4. Ke6 Kd8 5. d7 Kc7 6. Ke7 आणि पांढरा जिंकतो. c8 वर गेलात तरी 4. Kc6 ने तेच होते.

पण पांढऱ्याचा राजा d5 वर असताना अशी मारामारी झाली आणि d6 वरचा हत्ती राजाने परत खाल्ला, तर गणित बदलते. पांढरा राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीवर येतो आणि पाचव्या ओळीवरच्या मधल्या प्याद्याबरोबर ती स्थिती जिंकलेली असते. म्हणून नियम पाठ करू नका, बघा: हत्ती खाल्ल्यावर परत कोण खाणार, प्यादे की राजा? राजा खाऊ शकत असेल तर मारामारीच्या वाटेला जाऊ नका. आपल्या मूळ स्थितीत सुदैवाने हे घडूच शकत नाही. पांढरा हत्ती d6 वर यायचा तर त्याला सहाव्या ओळीवरूनच यावे लागेल आणि ती आपल्या ताब्यात आहे; d पट्टीवरून यावे तर खाली त्याचा स्वतःचाच राजा आडवा आहे, वरून यावे तर आपला राजा हत्तीला खातो.

दुसरी पायरी: प्यादे पुढे सरकले की मागे

थांबून थांबून पांढऱ्याला शेवटी प्यादे ढकलावेच लागते, नाहीतर त्याचे काही पुढे जात नाही. तो e6 खेळतो. आता त्याची धमकी खरी आहे: राजा e5 वरून f6 वर येणार आणि Rh8 ने मात. पाहून घ्या: राजा f6 वर असला की e7 आणि f7 त्याच्या ताब्यात, d7 वर e6 च्या प्याद्याचा मारा, आणि h8 चा हत्ती आठवी ओळ धरतो. काळ्या राजाला जागाच उरत नाही.

नेमक्या याच क्षणी आपला हत्ती सहावी ओळ सोडून पटाच्या तळाशी जातो. a6 वरून सरळ a1 वर.

का? कारण e6 वर गेलेल्या प्याद्याने पांढऱ्याच्याच राजाचा आडोसा काढून घेतला. प्यादे e5 वर असताना पांढरा राजा सहाव्या ओळीवर पोहोचला असता, तर खालून येणाऱ्या शहांपासून वाचायला त्याला प्याद्याची छत्री मिळाली असती: राजा e6 वर, खाली e5 वर प्यादे, आणि e पट्टीतून शह देताच येत नाही. प्यादे e6 वर गेले की e6 चे घर त्याने स्वतःच व्यापले. राजाला d6 किंवा f6 वरच यावे लागते आणि तिथे खालून उघडा पडतो. उलट सहाव्या ओळीवर राहिलो तर आपलेच नुकसान: e6 चे प्यादे आपल्या हत्तीच्या वाटेत येते, आणि पलीकडचे f6 आपल्याला दिसतच नाही.

आता चाली:

```
1. e6   Ra1!
2. Kd6  Rd1+
3. Ke5  Re1+
4. Kf6  Rf1+
5. Ke5  Re1+
```

राजा d6 वर आला की d1 वरून शह. तो e5 वर गेला की e1 वरून. f6 वर गेला की f1 वरून. पांढऱ्याला मात द्यायला एक शांत चाल हवी आहे आणि ती मिळतच नाही. प्रत्येक चालीत त्याला शहाला उत्तर द्यावे लागते. राजा g6 कडे पळाला तर आपला हत्ती e1 वर जाऊन प्याद्यावर बसतो, आणि पांढऱ्याने h8 वरून शह दिला तरी राजा e7 वर येऊन प्यादे घेऊनच राहतो. राजा शह चुकवत चुकवत खाली हत्तीकडे उतरू लागला, तर तो प्याद्यापासून दूर जातो. समजा तो c3 पर्यंत आला. आपण हत्ती e1 वर ठेवायचा. पांढऱ्याने हत्ती h6 वर आणून प्यादे राखले तर आपला राजा e7 वर, आणि आता प्याद्यावर दोघांचा मारा. ते जाते.

पांढरा आधी h8 वरून शह देऊन पाहील. राजा e7 वर घ्या, h7 वरून पुन्हा शह आला की e8 वर परत. काही बिघडत नाही, कारण पांढऱ्याचा राजा अजून d5 वरच आहे.

नेमके कुठे चुकते

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्यादे e6 वर आल्याबरोबर हत्तीने बाजूने शह देत सुटणे. सहाव्या ओळीवर हत्ती होताच, a5 वर एक शह दिला तर काय बिघडले, असे वाटते. हे पाहा:

```
1. e6   Ra5+?
2. Kd6  Ra6+
3. Ke5  Ra5+??
4. Kf6  
```

आता पांढरा राजा f6 वर आहे आणि a पट्टीवरून शह देता येत नाही. पाचव्या ओळीवरून राजाला शह लागत नाही, सहाव्या ओळीवर e6 चे प्यादे आडवे आहे. पुढची चाल Rh8 ने मात. काळ्याने राजा d8 वर पळवला तर 5. Rh8+ Kc7 6. e7 आणि प्याद्याचा वजीर होतो. नंतर काळा कितीही शह देवो, हत्तीच्या बदल्यातही त्याला थांबवता येत नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या चालीनंतरही डाव सुटला नव्हता. 3. Ke5 नंतर काळ्याने हत्ती a1 वर नेला असता, तर राजा d6 वर आला की d1 वरून शह, f6 वर आला की f1 वरून, आणि बरोबरी पुन्हा हातात. तेव्हा लक्षात ठेवायचे ते असे: बाजूने शह फसतात, खालून दिलेले चालतात. खालूनही अंतर हवे. हत्ती पहिल्या ओळीवर असेल तर पांढऱ्या राजाला शह देता देता त्याच्यापर्यंत पोहोचायला फार पावले लागतात आणि तोवर प्यादे उघडे पडते. हत्ती तिसऱ्या-चौथ्या ओळीवर असेल तर राजा दोन पावलांत त्याच्या अंगावर येतो.

दुसरी चूक याच्या उलटी: घाईने मागे जाणे. प्यादे अजून e5 वरच आहे आणि तुम्ही हत्ती a6 वरून a1 वर नेला. पांढरा लगेच राजा e6 वर आणतो आणि त्याला ती e5 ची छत्री मिळते. आता e पट्टीतून शह देता येत नाही आणि Rh8 ने मात येऊ घातली आहे. डाव लगेच हरलेला नाही, पण बचाव अवघड होतो. राजा f8 वर न्यावा लागतो, d8 वर नव्हे. प्याद्याच्या ज्या बाजूला कमी पट्ट्या उरतात तिकडे राजा, आणि ज्या बाजूला जास्त आहेत तिकडे हत्ती: e पट्टीच्या प्याद्यासाठी राजा f, g, h कडे आणि हत्ती a पट्टीवर. अशाने हत्तीला बाजूने शह द्यायला पुरेसे अंतर मिळते. हत्ती आणि प्यादे यांच्यात तीन पट्ट्या मोकळ्या असणे चांगले, आणि a पासून e पर्यंत b, c, d या बरोबर तीनच आहेत. हा दुसरा बचाव शिकण्यासारखा आहे, पण नव्या माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये.

तिसरी चूक म्हणजे हत्ती आठव्या ओळीवर बसवून ठेवणे. राजाजवळ हत्ती असला की सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात a, b, g, h या कडेच्या पट्ट्यांवरच्या प्याद्यांसमोर तो निष्क्रिय बचावही बरेचदा टिकतो, मधल्या पट्ट्यांवर मात्र नाही. f पट्टीवरचे प्यादे घेऊन पाहा. पांढऱ्याचा राजा g6 वर, प्यादे f6 वर, हत्ती a7 वर. काळ्याचा राजा g8 वर आणि हत्ती b8 वर.

```
1. Rg7+ Kh8
2. Rh7+ Kg8
3. f7+  Kf8
4. Rh8+ Ke7
5. Rxb8
```

पहिल्या चालीत राजा f8 वर गेला तरी 2. Rh7 नंतर Rh8 ची मात टाळायला त्याला g8 किंवा e8 वरच जावे लागते. g8 वर गेला तर f7 चा शह येतो आणि वरच्यासारखेच होते. e8 वर गेला तर h8 वरून शह बसतो आणि राजामागचा हत्ती जातो. पांढऱ्याला इथे काही कौशल्य दाखवावे लागले नाही. f पट्टीच्या उजवीकडे g आणि h अशा दोन पट्ट्या आहेत, त्यामुळे पांढऱ्या हत्तीला राजाला बाजूने घेरायला h पट्टी मिळाली. g पट्टीच्या प्याद्याला ती जागाच नसते, म्हणून तिथे तोच बचाव चालून जातो.

बरोबरी कधी होत नाही

हे सगळे एका अटीवर चालते: काळा राजा प्याद्यासमोर असला पाहिजे. तो बाजूला अडकला, म्हणजे पांढऱ्या हत्तीने एखादी पट्टी धरून त्याला पलीकडे अडवले आणि पांढरा राजा प्याद्याच्या पुढे पोहोचला, तर बहुधा डाव गेला. याचे प्रसिद्ध उदाहरण लुसेनाच्या नावाने ओळखले जाते. हे नाव त्याला फुकटच मिळाले आहे: लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ही स्थिती नाही, ती सापडते साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात.

```
3K4/3P2k1/8/8/8/8/2r5/5R2 w - - 0 1
```

पांढऱ्याचा राजा d8 वर, प्यादे d7 वर, हत्ती f1 वर. काळ्याचा राजा g7 वर आणि हत्ती c2 वर. पांढरा राजा प्याद्याच्या पुढे अडकला आहे आणि बाहेर पडावे तर काळा हत्ती शह देत सुटेल. लगेच 1. Ke7 खेळला तर Re2+ 2. Kd6 Rd2+ असे शह चालूच राहतात, आणि राजाला लपायला जागा नसते. म्हणून पांढरा आधी हत्ती चौथ्या ओळीवर आणतो:

```
1. Rf4  Rc1
2. Ke7  Re1+
3. Kd6  Rd1+
4. Ke6  Re1+
5. Kd5  Rd1+
6. Rd4
```

शेवटच्या चालीत हत्तीने मधे येऊन शह अडवला, आणि प्याद्याचा वजीर होणार हे ठरले. याला पूल बांधणे म्हणतात. हत्ती चौथ्याच ओळीवर का हवा, ते शेवटच्या दोन चाली खेळून बघा: राजा पाचव्या ओळीवर उतरतो तेव्हा त्याच्या खालच्याच घरात हत्ती येऊ शकतो.

फिलिडोर आणि लुसेना ही दोन टोके शेजारी ठेवली की बहुतेक हत्तीच्या शेवटांचा अंदाज येतो. आपण काळे असू तर पहिल्याकडे जायचे आणि दुसरे टाळायचे. म्हणून प्यादे अजून तिसऱ्या-चौथ्या ओळीवर असतानाच एक प्रश्न विचारा: माझा राजा त्याच्यासमोर पोहोचतो का? पोहोचत असेल तर सगळे सोडून आधी राजा आणा, मग हत्ती सहाव्या ओळीवर. a किंवा h पट्टीवरचे प्यादे असेल तर थोडी ढील मिळते, कारण तिथे पांढऱ्या राजाला प्याद्याच्या एकाच बाजूने बाहेर पडता येते.

पटावर बरोबरी मिळवायची कशी

स्थिती बरोबरीची असली तरी समोरचा बऱ्याचदा मान्य करत नाही. तुमच्या घड्याळातला वेळ संपेल या आशेने तो चाली खेळत राहतो. त्याला ते करायचा हक्क आहे. तुमच्याकडे दोन उपाय आहेत. तीच स्थिती, तोच खेळाडू चाल करणार असताना, तिसऱ्यांदा आली तर तुम्ही बरोबरीचा दावा करू शकता. वरच्या e5-f6 च्या शहांत हे लवकर घडते. स्पर्धेत दावा करताना चाल आधी पटावर खेळायची नाही: ती चालपत्रकावर लिहायची आणि मग पंचाला सांगायचे की या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येते. चाल आधी खेळून नंतर दावा केलात तर तो हक्क त्या वेळेपुरता जातो. दुसरा उपाय म्हणजे ५० चालींचा नियम: दोन्ही बाजूंनी ५०-५० चालींत ना प्यादे हलले, ना काही खाल्ले गेले, तर दावा करता येतो. पहिल्या पायरीत, प्यादे e5 वर ठेवून पांढरा नुसता फिरत बसला, तर हा नियम कामी येतो. दोन्हींसाठी चालपत्रक नीट लिहिलेले हवे.

घरी सराव करताना दोघांनी बसा. एकाने पांढरे घ्यावे आणि मनाला येईल तो हल्ला करावा. काळ्याने फक्त सहावी ओळ आणि नंतर पहिली ओळ. मग बाजू बदला. पांढरे घेऊन जिंकायचा प्रयत्न केलात की कुठल्या क्षणी हात बांधले जातात ते जास्त लवकर कळते. एकटे असाल तर ऑनलाइन विश्लेषण पटावर वरच्या FEN ओळी टाका. पाचच सोंगट्या असल्यामुळे तिथला टेबलबेस प्रत्येक चालीनंतर जिंकलेली, हरलेली की बरोबरीची स्थिती हे अचूक सांगतो. 1. e6 नंतर काळ्याच्या चाली एकेक करून टाका आणि कुठली चाल बरोबरी राखते, कुठली नाही, याची यादी स्वतः बनवा. मग प्यादे d पट्टीवर आणि दोन्ही राजे, पांढरा हत्ती त्याप्रमाणे एक घर डावीकडे सरकवून, काळा हत्ती a6 वरच ठेवून तेच करा; तिथे सहाव्या ओळीवरची सुरक्षित घरे बदलतात, आणि ती तुम्हालाच शोधावी लागतील.